विद्यार्थिनी लॅब सोडून जातेय, निरोपाचं पत्र कसं लिहू?

*मी गोव्यातल्या एका संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्राची गाइड आहे. माझ्याकडे पीएचडी करणारी पहिली मुलगी आता मोकळी झाली. पेडण्याकडची. मिठागरांतल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांवर तिनं काम केलं. व्हायवा झाला, दीड महिन्यानं ती पोस्टडॉकसाठी स्पेनला जाईल. तिला निरोपाचं पत्र द्यायचं मनात आहे, पण लिहायला बसले की शिफारसपत्र तरी होतं नाहीतर उपदेश. दोन पेपर अजून अर्धे आहेत. एका वर्षी मे महिन्यात पाऊस लवकर आला, नमुने हातचे गेले, काम लांबलं आणि त्यावरून आमच्यात थोडी कटुता आली. त्याच पावसाळ्यात तिनं हट्टानं बुडालेल्या मिठागरातला गाळ आणला आणि त्यावर पुढे थिसिसमधलं एक प्रकरण उभं राहिलं. हे सगळं पत्रात यावं का? विषय आमच्या लॅबचा, तो तिनं तिकडे नेला तर? ‘परत गोव्यात ये’ असं लिहावंसं वाटतं. आणि मुळात गाइडनं इतकं मनातलं लिहावं का?*
— एक गाइड, तिसवाडी

लिहावं, नक्की लिहावं. पण आजच नको.

तुम्हाला वाटतंय की अडचण शब्दांची आहे. मला तसं वाटत नाही. अर्धे पेपर, विषयाची मालकी आणि ते लांबलेलं वर्ष या तीन गोष्टी समोरासमोर बसून मिटवायच्या आहेत. त्या मिटलेल्या नाहीत म्हणून तुमचं पत्र पुढे सरकत नाही. निरोपाच्या कागदावर या तिन्हींचं ओझं टाकलं, तर प्रत्येक प्रेमळ वाक्यामागे तिला एक अट दिसेल. ‘तू फार चिकाटीची आहेस’ हे वाक्य वाचताना तिच्या मनात येईल, म्हणजे आता पेपर पूर्ण करून द्या असं मॅडमना म्हणायचंय. म्हणून आधी एक दुपार काढा, व्यवहार वेगळ्या कागदावर उतरवा, आणि मग पत्राला बसा.

पेपरांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नाती तिथेच बिघडतात. विद्यार्थी नव्या देशात गेला की पहिले सहा महिने घर, भाषा, नवी लॅब यातच जातात. जुना मसुदा मागे पडतो. इकडे गाइड मेल पाठवत राहते, तिकडे विद्यार्थ्याला अपराधी वाटून तो मेल उघडायचंच टाळतो. वर्षभरानं गाइड वैतागून दुसऱ्या विद्यार्थ्याकडून पेपर पूर्ण करून घेते आणि नावांचा क्रम बदलते. त्या क्षणी पाच वर्षांचं नातं संपतं. दोघांपैकी कुणीही वाईट नसतं. फक्त कुठे काही ठरलेलं नसतं.

तेव्हा दोन्ही पेपरांबद्दल थोडक्यात लिहून ठेवा. पहिलं नाव तिचं, आणि ते तिचंच राहणार. पत्रव्यवहार कोण सांभाळणार? मी म्हणेन तुम्ही, कारण संस्था सोडली की तिचा संस्थेचा ईमेल बहुधा बंद होईल, आणि दोन वर्षांनी कुणी काही विचारलं तर ते पत्र कुठेच पोहोचणार नाही. काम जिथे झालं त्या संस्थेचं नाव तिच्या नावाखाली राहील, स्पेनचा पत्ता ‘सध्याचा पत्ता’ म्हणून तळटिपेत जाईल. परीक्षकांनी नवा प्रयोग मागितला तर तो इथे कोण करणार आणि त्याचं नाव कितव्या जागी येणार, हेही आत्ताच ठरवा. शेवटी एक तारीख. तोवर तिच्याकडून मसुदा आला नाही तर लिखाण तुम्ही पूर्ण कराल, पण पहिलं नाव बदलणार नाही. प्रयोग तिनं केलेत, विदा तिची आहे. लिहायला उशीर झाला म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही. ही शेवटची ओळ तिला कागदावर दिसली की तिची निम्मी धास्ती जाईल, आणि माझा अनुभव असा की धास्ती गेली की मसुदा लवकर येतो.

मग फ्रीझरकडे वळा. तिनं वेगळे केलेले सूक्ष्मजीव उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉलमध्ये ठेवलेले असतील, आणि त्या छोट्या नळ्यांवर तिच्या स्वतःच्या खुणा असतील. मिठागराचं आद्याक्षर, एक आकडा, एखादी चांदणी. आज तिला विचारलं तर ती झोपेतही सांगेल. ती गेल्यावर तीन महिन्यांनी ते कुणालाच वाचता येणार नाही. म्हणून धाकट्या विद्यार्थ्याला तिच्या शेजारी बसवा आणि पेटीतली प्रत्येक नळी वहीतल्या पानाशी आणि संगणकातल्या यादीशी जुळवून घ्या. सगळ्यात महत्त्वाचे सूक्ष्मजीव दोन नळ्यांत आणि शक्यतो दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये हवेत. गोव्यात पावसाळ्यात वीज कशी वागते ते तुम्हाला मी सांगायला नको. मूळ वह्या संस्थेत राहतील, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती ती घेऊन जाईल. त्या नेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

सूक्ष्मजीव मात्र तिला बॅगेत घालून नेता येणार नाहीत, आणि हे तिला तुम्हीच स्पष्ट सांगायला हवं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आपल्याकडची जैविक साधनं परदेशी संस्थेला संशोधनासाठी द्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सरकारी निकषांत बसणारा दोन संस्थांमधला सहकार्य प्रकल्प असेल तर वाट वेगळी असते. ती तुमच्या संस्थेच्या कार्यालयाकडून समजून घ्या. निष्पाप हेतूनं ‘चारच तर नळ्या आहेत’ म्हणून नेणारे तरुण अडचणीत येतात. तिच्या संग्रहातलं काही नवीन प्रजाती म्हणून जाहीर व्हायची शक्यता असेल, तर तो सूक्ष्मजीव दोन वेगवेगळ्या देशांतल्या मान्य संग्रहांमध्ये जमा करावा लागतो. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, चंडीगडचा एमटीसीसी संग्रह आहे. ती इथे असतानाच ती कागदपत्रं सुरू करा, कारण कुठली वाढ कुठल्या माध्यमात नीट होते हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आता विषयाबद्दल. तुम्ही लिहिलंत, विषय आमच्या लॅबचा. प्रकल्प लॅबचा असतो, निधी संस्थेच्या नावावर येतो, हे खरं. पण पाच वर्षांत त्या विषयातून जे प्रश्न फुटले त्यातले काही तुमच्या मनात कधीच आले नव्हते, ते तिला सुचले. तेही लॅबचे म्हणायचे का? आणि ती ते घेऊन गेली नाही, तर तिनं तिकडे जाऊन नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं?

तुमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल, इतर वाचकांसाठी सांगते. अतिखारट पाण्यात एक सपाट, चक्क चौकोनी सूक्ष्मजीव राहतो. तो पहिल्यांदा १९८० साली सिनाईमधल्या एका खाऱ्या डबक्यात दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचा, पण प्रयोगशाळेत वाढायला तयार नव्हता. अखेर २००४ साली तो वाढला, आणि तोही एकाच वर्षी दोन ठिकाणी. एक गट ऑस्ट्रेलियातला, दुसरा युरोपातला, आणि त्या दुसऱ्या गटाचा सूक्ष्मजीव स्पेनच्या मिठागरातला. आधी कोण, यावरून भांडण पेटायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. पण २००७ साली त्याला ‘हॅलोक्वाड्रॅटम वाल्सबाय’ हे नाव देणारा लेख निघाला, त्यावर दोन्हीकडच्या माणसांची नावं आहेत आणि दोन्हीकडचे सूक्ष्मजीव त्यात एकत्र तपासलेले आहेत. एकाच प्रश्नावर दोन लॅब काम करत होत्या म्हणून कुणाचं काही गेलं नाही.

तुम्हालाही असंच काही ठरवता येईल. समजा, गोव्यातल्या मिठागरांत कुठले सूक्ष्मजीव कुठल्या महिन्यात असतात, हा धागा इथेच राहतो, कारण त्याला दर हंगामात नमुने लागतात आणि ते तिला स्पेनमधून घेता येणार नाहीत. त्यांच्या लाल रंगद्रव्याचा, बॅक्टेरिओरुबेरिनचा, प्रश्न तिच्या मनात जास्त घोळत असेल तर तो तिचा. पुढची दोन वर्षं तुम्ही त्या प्रश्नावर नवा विद्यार्थी घेणार नाही, आणि दोघींची कामं जवळ आलीच तर पेपर पाठवण्याआधी एकमेकींना कळवाल. कुठला धागा कुणाकडे हे तुम्ही दोघींनीच ठरवायचं, माझी वाटणी फक्त नमुन्यादाखल आहे. पण ठरलं की ते निरोपाच्या पत्रात घाला. बाकी सगळा व्यवहार वेगळ्या कागदावर राहू दे, हे एक वाक्य मात्र पत्रातच हवं. ‘हा प्रश्न तुझा आहे, तो पुढे ने’ असं गाइडनं स्वतःच्या हातानं लिहून देणं, यापेक्षा मोलाचं तुमच्याकडून तिला काही मिळू शकेल असं मला वाटत नाही.

लांबलेल्या वर्षाचं काय करायचं? मिठागर डिसेंबर-जानेवारीपासून मे अखेरपर्यंत चालतं. कुंडातलं पाणी आटून जेव्हा ते गुलाबी-लाल दिसायला लागतं तेच तुमचे खरे दिवस. अवकाळी पाऊस कोसळला की ते पाणी एका रात्रीत पातळ होतं आणि पुन्हा पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. हे कुणाच्याच हातात नसतं. पण कटुता पावसावरून आली नसणार, पावसानंतर जे बोललं गेलं किंवा बोललं गेलं नाही त्यावरून आली असणार. फेलोशिपची मुदत संपत आलेली मुलगी आणि प्रकल्पाचा अहवाल द्यायचा असलेली गाइड, दोघीही धास्तावलेल्या. ते बोलायचं असेल तर तोंडी बोला. दोना पावलाच्या बाजूला चहा प्यायला घेऊन जा, लॅबमध्ये नको. पत्रात माफी नको आणि खुलासाही नको. माफी लिहून दिली की ‘नाही मॅडम, तसं काही नव्हतं’ हे उत्तर देणं तिला भाग पडतं, आणि जाताना तिच्यावर हा एक भार कशाला? पत्रात त्या वर्षातली एकच गोष्ट येऊ दे, तिनं आणलेला गाळ. जे सूक्ष्मजीव संपृक्त मिठाच्या पाण्यात जगतात ते पावसाळ्यात मिठागर गोड-खाऱ्या पाण्याखाली गेल्यावर कुठे जातात, हा प्रश्न तिला त्या नासलेल्या हंगामात पडला. तो तुम्ही दिलेला नव्हता.

आता पत्राकडे येऊ. तुमचा मसुदा शिफारसपत्रासारखा होतो, कारण लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे तिसरा माणूस बसलेला असतो. शिफारसपत्र निवड समितीसाठी असतं, त्यात तुलना लागते, विशेषणं लागतात. हे पत्र वाचणारी एकटीच आहे आणि ती तुमच्याइतकीच सगळ्याला साक्षी आहे. तिला ‘कष्टाळू, प्रामाणिक, बुद्धिमान’ हे सांगून काय मिळणार? मसुदा झाला की प्रत्येक वाक्याशी थांबून स्वतःला विचारा, हेच वाक्य मी माझ्या पुढच्या विद्यार्थ्यालाही देऊ शकेन का? उत्तर हो असेल तर ते वाक्य काढा. पानातली तीन-चार वाक्यं उरली तरी चालतील.

मग लिहायचं काय? जे तिच्या थिसिसमध्ये नाही ते. थिसिस शोधगंगेवर जाईल, तिथे पद्धत आणि निष्कर्ष कुणालाही वाचता येतील. पण निर्णय कसा झाला, कुठल्या दिवशी तिनं घाईचा हात आवरला, हे त्यात नसतं. ते पाहिलेलं माणूस एकच, तुम्ही. बऱ्याच विद्यार्थ्यांना स्वतःची ताकद नेमकी कशात आहे हे कळलेलंच नसतं. त्यांना वाटतं आपण नशिबानं तरलो. गाइडनं बोट ठेवून दाखवलं की पुढच्या लॅबमध्ये, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही, तिथे ते त्या बळावर उभे राहतात.

तुमच्या विषयातलीच एक कल्पित पण रोज घडणारी गोष्ट घेते. मीठप्रेमी आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, वाढवायला वीस ते पंचवीस टक्के मीठ असलेलं माध्यम लागतं. समुद्राच्या पाण्यात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. एमएस्सीला आपण ज्या जिवाणूंवर हात बसवतो ते एक-दोन दिवसांत प्लेटवर दिसतात. हे आर्किया एक आठवडा घेतात, दोन घेतात, कधी महिनाही. तोवर प्लेट सुकते, मिठाचे स्फटिक वर येतात, आणि नवा विद्यार्थी दोनपैकी एक चूक करतो. स्फटिकांना वसाहती समजून हर्षभरित होतो, किंवा आठव्या दिवशी ‘काही आलं नाही’ म्हणून प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये टाकून मोकळा होतो. स्फटिक कोनदार असतो, सुईला खरखरीत लागतो. वसाहत गोल, ओलसर, गुळगुळीत असते आणि हळूहळू गुलाबी होत जाते. पुढे पेशी रंगवून पाहायच्या वेळी आणखी एक फसगत. काचपट्टी नेहमीसारखी पाण्यानं धुतली की पेशी फुटतात, कारण बाहेरचं मीठ गेलं की त्यांचं आवरण टिकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही आणि वाटतं वसाहत नव्हतीच. त्यासाठी आधी सौम्य ॲसिटिक आम्लानं, दोन टक्क्यांच्या, पेशी पट्टीवर स्थिर कराव्या लागतात.

आता समजा तुमच्या मुलीनं प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ओल टिकवून, सगळे टाका म्हणत असताना पाच आठवडे ठेवल्या आणि शेवटच्या प्लेटवर एकच फिकट गुलाबी ठिपका आला. ‘तू चिकाटीची आहेस’ असं लिहिलंत तर हे सगळं हरवतं. त्यातून ही चिकाटी आंधळीही नव्हती. या सूक्ष्मजीवांचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा वेगळं चालतं हे तिला उमगलं होतं, म्हणून ती थांबली. असा एखादा दिवस तुमच्याही आठवणीत असणार. तो शोधा आणि जसा घडला तसा लिहा, विशेषण न लावता.

‘परत गोव्यात ये’ याबद्दल मी जरा ठामपणे बोलते. ते वाक्य तुमच्या मायेचं आहे हे मला कळतं. पण पेडण्याच्या घरात ते वाक्य तिनं आधीच ऐकलं असेल, आईकडून, मावशीकडून, शेजारच्या काकूंकडून. चवथीला येशील ना, लग्नाचं काय, तिकडेच राहणार की काय. तिच्या ओळखीत बहुधा तुम्ही एकट्याच अशा आहात ज्यांनी तिच्याकडे संशोधक म्हणून पाहिलं. तुम्हीही तेच म्हणालात तर तिला ती एक जागाही उरत नाही. शिवाय इथे संशोधनाच्या कायम नोकऱ्या किती निघतात हे तुम्ही जाणता. ज्याची व्यवस्था आपण करू शकत नाही त्याचं आवतण देऊ नये. तिच्यासाठी लॅबचं दार उघडं आहे, हे सांगायला हरकत नाही. ते वेगळं वाक्य आहे.

त्याऐवजी तुम्ही खरोखर काय करणार ते लिहा. पुढची काही वर्षं तिला शिफारसपत्रं लागतील. दोन आठवडे आधी कळव, मी देईन, असं लिहिलं की प्रत्येक वेळी विचारताना तिला संकोच वाटणार नाही. आणि दर महिन्याला खुशाली कळवायचं बंधन नाही, हेही लिहा. आपल्याकडे विद्यार्थ्याला वाटतं मॅडमना मेल केला नाही म्हणजे आपण कृतघ्न. सहा महिने गेले की लाज वाटून तो कायमचाच बंद होतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ज्या भाषेत तुम्ही दोघी मिठागराच्या बांधावर उन्हात उभ्या राहून बोललात त्याच भाषेत लिहा. मराठीत बोलत असाल तर मराठीत, मध्येच कोंकणी येत असेल तर तीही येऊ दे. शास्त्रीय नावं जशी बोलता तशीच. एका पानात बसवा आणि हातानं लिहा. एक नमुना देते, उचलण्यासाठी नाही, वजन कळावं म्हणून:

> बाय,
>
> त्या नोव्हेंबरात मी तुला प्लेटा टाकून दे म्हटलं होतं. तू नुसती मान हलवलीस आणि त्या पिशवीत बांधून खालच्या कप्प्यात ठेवल्यास. पाचव्या आठवड्यात तू मला बोलवायला आलीस तेव्हा आधी काही सांगितलं नाहीस, फक्त प्लेट उजेडात धरलीस. कधी थांबायचं हे तुला कळतं. हे मी तुला शिकवलं नाही, तू आलीस तेव्हापासून ते तुझ्याकडे होतं.
>
> पावसाळ्यातला गाळ आणायचं तुझ्याच मनात आलं. त्यातून जो प्रश्न निघाला तो तुझा आहे. रंगद्रव्याचाही तुझाच. दोन्ही घेऊन जा. इथे मी हंगामी नमुने चालू ठेवीन. आपली कामं जवळ आली तर आधी एकमेकींना सांगू.
>
> तुला एक सवय आहे, चांगला निकाल आला की तू लगेच त्यातल्या उणिवा सांगायला लागतेस. परीक्षकांपुढे ती उपयोगी पडली. नव्या लॅबमध्ये मात्र आधी निकाल सांग, उणिवा नंतर.
>
> शिफारसपत्र लागेल तेव्हा दोन आठवडे आधी कळव. एरवी लिहायचं बंधन नाही, लिहिलंस तर मला आनंद होईल.
>
> धाकट्यानं पेटीतली तुझी सगळी चिन्हं वहीत उतरवून घेतली आहेत, काळजी करू नकोस.
>
> तुझी,
> मॅडम

यात एक सल्ला आहे, पाहिलात? एकच, आणि तोही तिच्या वागण्यातून निघालेला. तुमचा मसुदा उपदेश होतो कारण तुम्ही आयुष्याबद्दल सांगायला जाता. एक बारीक सवय, जी फक्त शेजारी बसून काम केलेल्या माणसाला दिसते, तेवढंच सांगा. ती दुखावणार नाही, उलट तुम्ही तिला नीट पाहिलंत हे तिला कळेल.

मनातलं किती लिहावं, याचं उत्तर मला या नमुन्यातच सापडतं. माया आहे, पण ती घडलेल्या गोष्टींतून येते. ‘तू मला लेकीसारखी आहेस’ असं लिहायचा मोह होईल. तो टाळा असं मी म्हणेन. लेकीवर हक्क असतो आणि तुम्हाला तर तिला मोकळं करायचं आहे. ती आता तुमच्या क्षेत्रातली सहकारी आहे, आणि तसं तिला पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकायला मिळावं.

हे वाचणाऱ्या काही गाइडांचे विद्यार्थी असे गोड वातावरणात जात नसतील. कुणी पदवी अर्धी टाकून जातो, कुणाशी वर्षभर बोलणं बंद असतं. त्यांनीही लिहावं, फक्त छोटं. त्यानं केलेलं एक चांगलं काम नेमकं सांगावं, त्याची विदा आणि नाव पुढच्या पेपरात कसं येईल ते सांगावं, आणि थांबावं. जिथे जिव्हाळा नव्हता तिथे तो पत्रात आणू नये, वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि जे विद्यार्थी हे वाचत आहेत, त्यांनी पत्राची वाट न पाहता पेपरांची आणि सूक्ष्मजीवांची बोलणी स्वतः काढावीत. ‘मॅडम, जायच्या आधी हे ठरवून घेऊया का’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. बहुतेक गाइडांना सुटल्यासारखं वाटतं.

राहिलं पत्र द्यायचं कधी. विभागात निरोप समारंभ होईल, केक कापला जाईल, फोटो निघतील, तिथे देऊ नका. तिला ते सगळ्यांसमोर उघडावं लागेल. आणि ना-देय दाखल्यावर, थिसिसच्या शेवटच्या प्रतींवर, प्रवासाच्या कागदांवर तुमची सही बाकी असेपर्यंतही देऊ नका. सही बाकी आहे तोवर तुम्ही तिच्यासाठी गाइड आहात, आणि गाइडच्या पत्राला विद्यार्थी नेहमी योग्य तेच उत्तर देतो. आधी सगळ्या सह्या करून टाका, शिफारसपत्रं पाठवून द्या, पेपरांचा कागद दोघींच्या सहीनं फाइलला लावा. तुमच्याकडून तिला काहीच घ्यायचं उरलं नाही की त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी, ती लॅबची किल्ली परत करायला येईल तेव्हा, तिच्या हातात पाकीट द्या आणि घरी जाऊन वाच म्हणा.